सेल्फीतली उलटी अक्षरं: चेहरा न हलवता फक्त मजकूर सरळ कसा करायचा

गणपतीच्या दिवसांत गिरगाव, लालबाग, परळ भागातल्या मंडळांच्या टी-शर्टवरचे सेल्फी भराभर येऊ लागतात आणि त्यांच्यासोबत एक जुनीच तक्रार येते. चेहरा छान आलाय, उजेड छान आहे, पण छातीवरचं मंडळाचं नाव आरशात दिसावं तसं उलटं उमटलंय. बहुतेक जण अशा वेळी मजकुराभोवती चौकोन काढतात, तेवढाच तुकडा आडवा उलटवतात आणि परत चिकटवतात. अक्षरं वाचता येतात, पण छातीवर कागद डकवल्यासारखं दिसतं. टी-शर्टच्या चुण्या चौकोनाच्या कडेला येऊन तुटतात. सावली उजवीकडे असायची ती तेवढ्या पट्ट्यात डावीकडे जाते. शब्द वर चढत होता तो खाली उतरायला लागतो.

हे सगळं एकाच कारणाने होतं. तुकडा उलटवताना अक्षरांसोबत कापडही उलटलं जातं. चुण्या, सावल्या आणि उजेड हे त्या माणसाच्या अंगावरचे, त्या जागेचे आहेत, त्यांना हात लावायचं काही कारण नाही. म्हणून कापड मूळचं राहू द्यायचं, त्यावरून अक्षरं पुसायची, आणि उलटवलेली अक्षरं कापडापासून सुटी करून पुन्हा त्याच कापडावर बसवायची. पुढे जे सांगतोय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी ठरवा: खरंच फक्त अक्षरंच फिरवायची आहेत का?

व्हिडिओ मीटिंगमध्ये स्वतःच्या चौकटीत अक्षरं उलटी दिसत असतील तर काहीच करू नका. झूम किंवा गूगल मीट तुम्हाला तुमची छबी आरशासारखी दाखवतात, समोरच्यांना ती सरळच दिसते.

फोटो सेव्ह झाल्यावरही उलटा असेल, तर आधी अंगावरच्या बाकीच्या खुणा पाहा. नथ डाव्या नाकपुडीत घालतात, नेहमीच्या नेसणीत पदर डाव्या खांद्यावर असतो, पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजव्या पट्टीवर येते. नऊवारीतल्या मुलीच्या सेल्फीत नथ आणि पदर दोन्ही भलत्या बाजूला गेले असतील, तर नुसती अक्षरं सरळ करून फोटो आणखी विचित्र होतो, कारण अक्षरं सांगतात फोटो सरळ आहे आणि पदर सांगतो उलटा आहे. अशा वेळी पूर्ण फोटोच फिरवा. जिम्प या फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्राममध्ये `Image > Transform > Flip Horizontally` एवढं केलं की झालं. मागे सीएसएमटीची इमारत किंवा ओळखीचा नाका दिसत असेल तरीही हाच मार्ग. उलटी इमारत मुंबईकराच्या नजरेतून सुटत नाही.

मग चेहरा तसाच ठेवायची गरज कधी पडते? एक म्हणजे माणसाला स्वतःचा आरशातलाच चेहरा ओळखीचा असतो. १९७७ साली अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी काही स्त्रियांना त्यांचा सरळ आणि उलटा असे दोन्ही फोटो दाखवले होते. स्वतःचा फोटो निवडताना त्यांचा कल आरशातल्या रूपाकडे होता, आणि त्यांच्या जवळच्या माणसांचा कल सरळ रूपाकडे. त्यामुळे ‘फिरवल्यावर मी वाकडा दिसतो’ ही तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये. दुसरं कारण पानाच्या मांडणीचं असतं. छापील पानावर माणूस पानाच्या आत पाहत असावा, बाहेर नाही. फोटो फिरवला की नजर पानाबाहेर जाते.

गिरगावातला एक फोटो

माझ्या मामेभावाने मंडळाच्या स्मरणिकेसाठी पाठवलेला फोटो या कामाला उदाहरण म्हणून चांगला आहे, कारण त्यात जवळपास प्रत्येक अडचण होती. पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट, छातीवर गडद निळ्या ठळक अक्षरांत एका ओळीत ‘कार्यकर्ता’, खांद्यावरून एका बाजूला सोडलेलं उपरणं. मागे चाळीची गॅलरी आणि लाकडी कठडा, कुठे पाटी नाही. बटणं नाहीत, घड्याळ नाही, म्हणजे अक्षरं सोडली तर फोटो उलटा असल्याची एकही खूण नव्हती. त्याचं म्हणणं होतं, “दादा, डाव्या पानावर माझा फोटो आहे आणि उजव्या पानावर अध्यक्षांचा. मी त्यांच्याकडेच बघायला हवा. चेहरा फिरवू नकोस, बाकी तुला हवं ते कर.”

उलटं ‘कार्यकर्ता’ फोटोत उजवीकडून सुरू होत होतं. म्हणजे पहिला ‘का’ उजव्या टोकाला, आणि त्यातल्या ‘क’चा अर्धा भाग उपरण्याखाली. डावा खांदा कॅमेऱ्याच्या जवळ होता, म्हणून डावीकडचा ‘र्ता’ मोठा आणि उजवीकडचा ‘का’ लहान दिसत होता. इथे डावा-उजवा म्हणजे फोटो पाहणाऱ्याच्या. शब्द उजवीकडे जाताना किंचित वर चढत होता.

मूळ फाइल मागवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत दाबलेली असते आणि गडद अक्षरांच्या कडेला राखाडी कणांची झालर पडलेली असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण अक्षरं कापडापासून सोडवताना ती झालर अक्षरांसोबत येते आणि छपाईत घाणीसारखी उमटते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं की मूळ फाइल मिळते.

काम मी जिम्पमध्ये केलं. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. काही बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये उघडणारं फोटोपी चालेल. मेनूंची नावं थोडी वेगळी आहेत, पण क्रम तोच राहतो.

पुसण्याआधी दोन रेघा

मूळ अक्षरं एकदा पुसली की ती कापडावर नेमकी कुठे आणि किती तिरकी होती हे कळायला काही उरत नाही. म्हणून सगळ्यात आधी फोटोवर पारदर्शक कागद ठेवल्यासारखा एक नवा कोरा थर, म्हणजे लेअर, घेऊन त्यावर पेन्सिल टूलने दोन लाल रेघा मारा. एक शिरोरेखेवरून, दुसरी अक्षरांच्या तळातून. एका टोकाला क्लिक करून `Shift` दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक केलं की सरळ रेघ येते. शब्दाच्या दोन्ही टोकांना उभ्या खुणाही करा. उपरण्याखाली गेलेलं टोक अंदाजाने पुढे वाढवून घ्या, दुसऱ्या उघड्या ‘क’ची रुंदी पाहून तो अंदाज बरोबर येतो.

देवनागरीचा इथे मोठा फायदा होतो. रोमन अक्षरांत बसकी रेषा डोळ्यांनी ठरवावी लागते, आपल्याकडे शिरोरेखा छापूनच आलेली असते. दोन रेघांमधलं अंतर डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी दिसलं, म्हणजे छातीचा कलही त्या रेघांत नोंदला गेला.

जिम्पच्या `Measure` टूलने शिरोरेखेचा कोन पाहिला तर तो सुमारे ४ अंश चढता होता. आता हे लक्षात ठेवा: आडवं उलटवल्यावर ४ अंश चढणारी रेघ ४ अंश उतरते. ती परत जागेवर आणायला ४ नाही, ८ अंश फिरवावं लागतं. कोनाच्या दुप्पट. बरेच जण डोळ्यांनी थोडंसं फिरवून शब्द आडवा करतात आणि तिथेच थांबतात. मग खांदे तिरके आणि शब्द सपाट असं होतं. नक्की काय खटकतंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

अक्षरं उचलणं

मूळ थर निवडून अक्षरांभोवती चौकोनी सिलेक्शन करा, चारही बाजूंना थोडी जागा सोडून. कॉपी, पेस्ट. पेस्ट केल्यावर थरांच्या यादीत `Floating Selection` दिसलं तर खालच्या नवा थर करायच्या बटणावर क्लिक करा, म्हणजे तो स्वतंत्र थर होतो. नव्या जिम्पमध्ये तो आपोआप होतो. मग `Layer > Transform > Flip Horizontally`. मजकूर दोन-तीन ओळींचा असेल तर सगळा मिळून एकदाच उलटवा, ओळ-ओळ वेगळी नको. डावीकडून सुरू होणाऱ्या ओळी उलट्या फोटोत उजवीकडे सरळ रांगेत दिसतात; पूर्ण मजकूर एकत्र उलटला तरच ती रांग परत डावीकडे येते.

आता या थराला कापडापासून सोडवायचं. `Colors > Levels` उघडून उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू डावीकडे सरकवा, टी-शर्टच्या राखाडी चुण्या पूर्ण पांढऱ्या होईपर्यंत. अक्षरं थोडी फिकी होतील. काळा त्रिकोण किंचित उजवीकडे घेतला की ती परत गडद होतात. आता थरावर पांढऱ्यावर निळी अक्षरं, एवढंच उरायला हवं. कोपऱ्यात एखादी खोल चुणी अजून राखाडी राहिली असेल तर पांढऱ्या ब्रशने झाकून टाका. मग थराचा मोड `Multiply` करा. या मोडमध्ये पांढरं अदृश्य होतं आणि गडद तेवढं खालच्या चित्रात मिसळतं. अक्षरांवर खालच्या कापडाची सावलीही आपसूक उतरते, म्हणून ती चिकटवल्यासारखी न दिसता छापल्यासारखी दिसतात.

टी-शर्ट गडद आणि अक्षरं पांढरी असतील तर सगळं उलट करायचं. काळा त्रिकोण उजवीकडे नेऊन कापड पूर्ण काळं करा आणि मोड `Screen` ठेवा. एक मर्यादा मात्र आहे. पांढऱ्या अक्षरांवर मूळ फोटोत चुणीची सावली पडलेली असेल, तर ती `Screen`मध्ये अक्षरांसोबतच उलटून येते आणि खालच्या कापडाची सावली अक्षरांवर उतरत नाही. तेव्हा वर आणखी एक थर घेऊन मऊ काळ्या ब्रशने, अपारदर्शकता अगदी कमी ठेवून, कापडावरच्या चुणीची रेघ अक्षरावरून पुढे न्यावी लागते.

अक्षरं आणि कापड रंगाने जवळजवळचे असतील, म्हणजे भगव्या टी-शर्टवर पिवळी अक्षरं किंवा छापील फुलाफुलांच्या कापडावर मजकूर, तर या पद्धतीचा आग्रह धरू नका. तिथे नव्याने टाइप करणं बरं, त्याबद्दल पुढे.

कापड स्वच्छ करणं

उचललेला थर डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून तात्पुरता लपवा. मूळ थराची एक प्रत करा आणि त्या प्रतीवर जुनी अक्षरं पुसा. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यायलाच हवा.

बरेच जण थेट `Heal` टूल फिरवतात आणि निळसर डाग पडला म्हणून वैतागतात. `Heal` आजूबाजूचा रंग पाहून मिसळतं. ब्रशच्या कडेला अजून निळं अक्षर शिल्लक असेल तर तो निळा रंगही मिसळला जातो. म्हणून आधी `Clone` घ्या, `Ctrl` दाबून शेजारच्या कोऱ्या कापडावर क्लिक करा आणि अक्षराचा गडद भाग पूर्ण झाका. गडद काही उरलं नाही की मगच जोडांवरून `Heal` फिरवा.

कापड कुठून घेता यालाही महत्त्व आहे. चुणी वरून खाली तिरकी जात असेल तर त्याच चुणीच्या वरच्या किंवा खालच्या तुकड्यातून घ्या, बाजूच्या सपाट भागातून घेऊ नका. म्हणजे पुसलेल्या जागेतूनही चुणी सलग वाहते. मामेभावाच्या फोटोत ‘र्य’च्या मधून एक लांब चुणी जात होती. ती वरून खाली दोन टप्प्यांत जोडून घेतली आणि पुसल्याची खूण राहिली नाही.

काम नीट झालं की नाही हे पाहायला `Levels`मध्ये मधला त्रिकोण तात्पुरता उजवीकडे ओढून चित्र मुद्दाम गडद करा. पुसलेल्या अक्षराचं भूत उरलं असेल तर ते लगेच दिसतं. पाहून झालं की `Cancel` करा.

बसवणं

अक्षरांचा थर परत दाखवा. `Unified Transform` टूलने फिरवणं, लहान-मोठं करणं आणि कल देणं ही तिन्ही कामं एकाच वेळी होतात. वेगवेगळ्या टूलने तीनदा बदल केले तर प्रत्येक वेळी कडा थोड्या मऊ होतात, म्हणून एकदाच करा. आधी बाहेरून धरून शिरोरेखा वरच्या लाल रेघेवर येईपर्यंत फिरवा. मग कोपऱ्यांतल्या हिऱ्याच्या आकाराच्या खुणा ओढून डावी बाजू मोठी आणि उजवी लहान करा, कारण उलटवल्यावर लहान ‘का’ जवळच्या डाव्या बाजूला आलाय आणि मोठा ‘र्ता’ लांबच्या बाजूला गेलाय. वरची-खालची लाल रेघ आणि दोन्ही टोकांच्या खुणा एकदम जुळल्या की समजा कल बरोबर बसला.

छाती गोलसर असते, त्यामुळे मधे शिरोरेखा रेघेवरून थोडी सुटेल. `Warp Transform` टूल मोठ्या ब्रशने अगदी हलकं वापरून ती जागेवर ढकला. लहान ब्रश घेतला तर अक्षर नागमोडी होतं.

आता उपरणं. उलट्या फोटोत ‘क’चा अर्धा भाग त्याच्याखाली होता. उलटवल्यावर तो अर्धाच ‘क’ डावीकडे उघड्यावर आला, आणि पूर्ण असलेला ‘ता’ उजवीकडे उपरण्यावर चढून बसला. ‘ता’चं काम सोपं आहे. अक्षरांच्या थराला लेअर मास्क द्या आणि उपरण्याच्या कडेने काळ्या ब्रशने झाका, म्हणजे काना उपरण्याखाली गेलेला दिसेल. ब्रशची कड थोडी मऊ ठेवा, फोटोत उपरण्याची कड जितकी मऊ दिसते तितकीच.

अर्ध्या ‘क’साठी ‘कार्यकर्ता’ या शब्दानेच मदत केली. त्यात ‘क’ दोनदा येतो आणि दुसरा पूर्ण उघडा होता. तो कॉपी करून पहिल्या जागी ठेवला, शेजारच्या काना-शिरोरेखेच्या मापाने किंचित लहान-मोठा केला, झालं. हे मात्र `Unified Transform`च्या आधी करा, म्हणजे तोही बाकीच्या शब्दासोबतच कलतो. शेवटी रफार तपासा. तो शिरोरेखेच्या वर असतो, चौकोन खालून काढला असेल तर त्याचं टोक कापलं गेलेलं असतं.

शब्दातलं पूर्ण अक्षरच झाकलं गेलं असेल आणि त्याच्यासारखं दुसरं नसेल, तर उलटवण्याचा हट्ट सोडा. कापड स्वच्छ करा आणि मजकूर नव्याने टाइप करा. मुंबईच्याच एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी फाँट मोफत मिळतात, आणि टी-शर्टच्या छपाईत दिसणाऱ्या ठळक अक्षरांशी बऱ्याचदा जवळ जातात. टाइप केलेली अक्षरं मात्र फोटोपेक्षा जास्त धारदार दिसतात. `Gaussian Blur` अगदी थोडा देऊन त्यांच्या कडा शेजारच्या शिवणीइतक्या मऊ करा, मग `Multiply`.

छातीवरच्या बाजूला असलेलं छोटं बोधचिन्ह आणि त्याखालचं नाव ज्या जागी आहे त्याच जागी सरळ करा. ते खरं तर दुसऱ्या बाजूला असायला हवं, पण चेहरा आणि खांदे उलटेच ठेवलेत तर बोधचिन्ह पलीकडे नेऊन काही साधत नाही, फक्त पुसायचं काम वाढतं. गाडीचा नंबर, ओळखपत्र किंवा पुरावा म्हणून द्यायचा कुठलाही फोटो मात्र असा दुरुस्त करू नका. तिथे पूर्ण फोटो फिरवणं हाच एकमेव योग्य उपाय.

लाल रेघांचा थर काढून टाका, काम जिम्पच्या स्वतःच्या `.xcf` फाइलमध्ये जपून ठेवा, आणि छपाईसाठी उंच दर्जाचा जेपेग काढून तोही डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

लॅपटॉप नसेल तर फोनवरच्या स्नॅपसीड अ‍ॅपमध्येही साध्या फोटोंचं निभतं. अक्षरांचा तुकडा कापून, उलटवून, उजळ करून वेगळा सेव्ह करायचा. मूळ फोटोवर `Healing`ने अक्षरं पुसायची. मग `Double Exposure`मध्ये तो तुकडा आणून `Darken` निवडायचं. पांढऱ्या कापडावरची गडद अक्षरं अशी बसतात. पण कल देणं आणि उपरण्यासारखी आड येणारी गोष्ट झाकणं तिथे जिकिरीचं होतं.

पुढच्या वेळी हा प्रश्न येऊच नये म्हणून फोनमध्ये एक सेटिंग बघून ठेवा. आयफोनवर `Settings > Camera` मधलं `Mirror Front Camera` बंद करा. सॅमसंगवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Save selfies as previewed` बंद करा. मग स्क्रीनवर आरसा दिसला तरी सेव्ह होताना अक्षरं सरळ येतात. खऱ्या आरशासमोर उभं राहून मागच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला मात्र या सेटिंगचा उपयोग नाही, तिथे अक्षरं आरशाने उलटवलेली असतात.